ट्रसमधलं टेन्शन-कॉम्प्रेशन: बाण कुणावरचा आहे ते आधी ठरवा

प्रश्न: सर, मी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेथड ऑफ जॉइंट्सने ट्रस सोडवताना आकडे बरोबर येतात, पण टेन्शन की कॉम्प्रेशन इथे हमखास चुकतं. कॉम्प्रेशनच्या मेंबरवर पुस्तकात बाहेर जाणारे बाण असतात, ते तर ताणल्यासारखेच दिसतात. आणि उत्तर मायनस आलं की बाण उलटायचा, चिन्ह उलटायचं की दोन्ही?

उत्तर:

पुस्तकातला तो बाण मेंबरवर काढलेला असला तरी तो मेंबरवरच्या बलाचा नाही. मेंबर सांध्याला काय करतो आहे, ते तो दाखवतो. एक काठी दोन तळहातांमध्ये आडवी धरून दाबा. काठीवर बल आत येतं, दोन्ही बाजूंनी. पण तळहातांना काय जाणवतं? काठी त्यांना बाहेर ढकलते आहे. आपण समतोल मांडतो तो सांध्यांचा, म्हणजे तळहातांचा. म्हणून दाबाखालच्या मेंबरचा बाण दोन्ही टोकांना सांध्याकडे जातो, आणि मेंबरच्या मधोमध नजर ठेवली तर ते दोन बाण एकमेकांपासून दूर पळताना दिसतात. तुम्ही पाहता मेंबरकडे आणि बाण बोलतो सांध्याबद्दल, सगळी गडबड एवढीच आहे. सांध्यात शिरणारा बाण म्हणजे कॉम्प्रेशन, सांध्यापासून निघून मेंबरच्या अंगाने जाणारा बाण म्हणजे टेन्शन.

यासाठी माझा एक आग्रह असतो. गणित चालू असताना अख्ख्या ट्रसच्या आकृतीवर एकही बाण काढू नका. प्रत्येक सांधा वेगळा काढा: एक ठिपका, त्याला जोडलेल्या मेंबरांचे छोटे कापलेले तुकडे, आणि त्या सांध्यावरचा भार. बाण फक्त तिथे काढायचे. मूळ आकृतीवर शेवटी निकाल उतरवायचा.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. कोकणातल्या कौलारू घरांवर आणि जुन्या सरकारी इमारतींवर दिसणारी साधी किंग पोस्ट कैची घ्या. कागदावर काढत चला. डावा आधार अ, उजवा आधार ब, मधलं अंतर ८ मीटर. शिखर क, आधारांच्या रेषेपासून ३ मीटर उंच आणि बरोबर मध्यावर. तळाच्या आडव्या टायच्या मध्यावर ड. डाव्या वाशाच्या मध्यावर इ, उजव्या वाशाच्या मध्यावर फ. मेंबर असे: डावा वासा अ-इ आणि इ-क, उजवा वासा क-फ आणि फ-ब, तळाचा टाय अ-ड आणि ड-ब, मधली किंग पोस्ट क-ड, आणि ड पासून वाशांच्या मध्याकडे जाणारे दोन स्ट्रट इ-ड व फ-ड. एकूण ९ मेंबर, ६ सांधे. दोन गुणिले सांधे वजा तीन, म्हणजे ९. जुळलं, तेव्हा नुसत्या समतोलाच्या समीकरणांवर हा ट्रस सुटेल.

उंची ३ आणि अर्धा गाळा ४ मुद्दाम घेतला. वासा ५ मीटरचा होतो, त्याचा उभा घटक ०.६ पट आणि आडवा ०.८ पट. स्ट्रटचा उतारही तेवढाच, फक्त उलट दिशेने. कॅल्क्युलेटरशिवाय काम होतं आणि लक्ष चिन्हांवर राहतं.

भार: इ, क, फ या सांध्यांवर प्रत्येकी १२ किलोन्यूटन खाली, आणि अ व ब वर वळचणीचे ६-६. एकूण ४८, दोन्ही बाजू सारख्या, म्हणून प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया २४ वर. अ वर २४ वर आणि ६ खाली, म्हणजे निव्वळ १८ वर. हे ६ विसरलं तर अ पासूनच वाशांचे आणि टायचे आकडे फुगतात, ते आधी वजा करून ठेवा.

सुरुवात अ पासून, कारण तिथे अज्ञात बलं दोनच आहेत. समीकरण लिहायच्या आधी सांध्याकडे नुसतं बघा. निव्वळ १८ वर ढकलतं आहे. टाय आडवा आहे, त्याला उभ्या दिशेत काही करता येत नाही. मग हे १८ खाली दाबून धरणारा उरला एकटा वासा. वासा अ पासून वर उजवीकडे जातो, तेव्हा अ ला खाली ढकलायचं तर तो सांध्यात शिरूनच ढकलणार. म्हणजे दाब. १८ भागिले ०.६, वासा अ-इ मध्ये ३० किलोन्यूटन कॉम्प्रेशन. त्या ढकलण्याचा आडवा घटक ३० गुणिले ०.८ म्हणजे २४, डावीकडे. तो परतवायला टायने अ ला उजवीकडे ओढलं पाहिजे. बाण सांध्यापासून बाहेर, टाय अ-ड मध्ये २४ टेन्शन. इथे मायनसचा प्रश्नच आला नाही, दिशा डोळ्यांनी ठरली.

पण प्रत्येक सांध्यावर डोळ्यांनी ठरत नाही. पुढचा सांधा इ तसाच आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

इ ला तीन मेंबर मिळतात. अ-इ माहीत आहे. इ-क मधलं बल म धरू, इ-ड मधलं न. नियम असा ठेवा: अज्ञात बल नेहमी टेन्शन धरायचं, म्हणजे बाण सांध्यापासून बाहेर. उत्तर प्लस आलं तर टेन्शन, मायनस आलं तर कॉम्प्रेशन. आकृतीत काही उलटायचं नाही. मायनस म्हणजेच कॉम्प्रेशन, एवढं लिहून पुढे जायचं.

अडचण येते ती आधी काढलेलं बल पुढच्या सांध्यावर नेताना. त्याचे दोन मार्ग आहेत, दोन्ही बरोबर. एक, बाण टेन्शनचाच ठेवा आणि किंमत −३० घाला. दोन, बाण खऱ्या दिशेला काढा, म्हणजे सांध्यात शिरणारा, आणि किंमत नुसती ३० घाला. बाणही उलटवला आणि मायनसही ठेवला, तर दोनदा उलटून तुम्ही परत टेन्शनवर आलात. माझी पसंती दुसऱ्या मार्गाला. ज्ञात बल खऱ्या दिशेने काढलं की सांध्याचं चित्र खरं दिसतं आणि चूक नजरेला खुपते.

तर इ वर: वासा अ-इ खालून ढकलतो, म्हणजे २४ उजवीकडे आणि १८ वर. भार १२ खाली. इ-क धरलेल्या टेन्शनने वर उजवीकडे ओढतो, इ-ड खाली उजवीकडे.

आडवी दिशा: २४ + ०.८म + ०.८न = ०

उभी दिशा: १८ − १२ + ०.६म − ०.६न = ०

पहिल्यातून म + न = −३०, दुसऱ्यातून म − न = −१०. म्हणजे म = −२० आणि न = −१०. वरचा वासा इ-क २० कॉम्प्रेशन, स्ट्रट इ-ड १० कॉम्प्रेशन.

इथे जरा थांबून हीच चूक मुद्दाम करून पाहू. अ-इ चा बाण चुकून ओढणारा काढला असता तर? मग आडवं समीकरण −२४ + ०.८म + ०.८न = ० होतं आणि उभं −१८ − १२ + ०.६म − ०.६न = ०. सोडवलं की म = +४०, न = −१०. स्ट्रटचं उत्तर तरीही बरोबर येतं! कारण अ-इ आणि इ-क एकाच सरळ रेषेत आहेत. त्या रेषेला काटकोनात समतोल मांडला तर दोन्ही वासे समीकरणातून गळून पडतात, उरतात फक्त भार आणि स्ट्रट. वाशावर कितीही चुकलात तरी स्ट्रट बिघडत नाही. म्हणून ‘स्ट्रट पुस्तकाशी जुळला, म्हणजे सांधा बरोबर’ असं मानू नका. त्या चुकीत वासा खाली ३० दाबात आणि वर ४० ताणात निघतो. एकाच सरळ वाशाचा खालचा भाग दबलेला आणि वरचा ताणलेला, तेही सांध्यावर जेमतेम १२ भार असताना. हे पाहून शंका यायला हवी. आली नाही तरी शेवटचा सांधा ती चूक पकडतो, तिकडे येतोच.

आता शिखर क. दोन्ही वासे इथे येतात, दोन्ही २० दाबात, म्हणजे दोघेही सांध्यात शिरून त्याला वर ढकलतात. प्रत्येकी १२, मिळून २४ वर. आडवे घटक समोरासमोर, एकमेकांना खातात. भार १२ खाली. उरलं १२ वर. ते खाली ओढून धरणारी एकच गोष्ट आहे, किंग पोस्ट. म्हणजे किंग पोस्ट क-ड मध्ये १२ टेन्शन.

या ठिकाणी बहुतेकांना वाटतं की कुठेतरी चिन्ह चुकलं. मधोमध उभा खांब आहे, डोक्यावर शिखर आहे, मग तो शिखर पेलत असणार, म्हणजे दाबात असणार. दिसायला तसंच दिसतं. पण त्या खांबाच्या पायाखाली आहे काय? हवेत तरंगणारा टायचा मध्य. त्याखाली भिंत नाही. खांब कशावर उभाच नाही, तर तो शिखर पेलणार कसा? उलट शिखराला तो लटकलेला आहे. दोन स्ट्रट वाशांच्या मध्याचा भार घेऊन खाली ड कडे येतात आणि ड ला खाली ढकलतात. ते ढकलणं किंग पोस्ट वर शिखराकडे नेते, आणि शिखरातून ते वाशांच्या दाबाने आधारांकडे जातं.

जुन्या लाकडी कैचीची घडण हेच सांगते. किंग पोस्टचं तळचं टोक रुंद ठेवून त्याला खांदे काढलेले असतात, स्ट्रट त्या खांद्यांवर टेकतात. डोक्यालाही तसेच खांदे, त्यांवर वासे टेकतात. स्ट्रट खालचे खांदे खाली दाबतात, वासे वरचे खांदे वर दाबतात, मधला लाकडाचा भाग ताणला जातो. आणि तळाशी टायला खालून कवेत घेणारी लोखंडी पट्टी असते, ती टायला किंग पोस्टला टांगून ठेवते. ज्या सुताराने ती पट्टी ठोकली, त्याला किंग पोस्ट ताणात आहे हे गणिताशिवाय माहीत होतं. दुरुस्तीत ही पट्टी गंजली म्हणून काढून टाकतात आणि ‘खांब तर टेकलाच आहे’ म्हणून परत बसवत नाहीत, तेव्हा टाय स्वतःच्या आणि माळ्याच्या वजनाने मध्यात झोळ खातो.

टायचंही तसंच. माळ्यावर डोकं आपटतं म्हणून तळाचा आडवा मेंबर कापण्याची हौस काही घरमालकांना असते. त्यात २४ किलोन्यूटन ताण आहे, वाशांचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून धरून ठेवणारा. तो कापला की हे २४ भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या दिशेने येतात, आणि जांभ्या दगडाची किंवा विटांची भिंत आडवं ढकलणं सोसायला बांधलेली नसते.

राहिला सांधा ड. आपल्याकडे आता एकही अज्ञात नाही, म्हणून हा पडताळणीचा सांधा. किंग पोस्ट १२ वर ओढते. डावा स्ट्रट दाबात आहे, तो ड मध्ये शिरतो: १० गुणिले ०.६ म्हणजे ६ खाली, ८ उजवीकडे. उजवा स्ट्रट ६ खाली, ८ डावीकडे. टाय दोन्ही बाजूंना २४-२४ ओढतो. वर १२, खाली ६ आणि ६. आडवे सगळे जोडीने जातात. मिटलं.

आता मघाची मुद्दाम केलेली चूक इथपर्यंत आणा. वरचे वासे ४० टेन्शन धरून शिखरावर गेलात तर ते क ला २४-२४ खाली ओढतील, भाराचे १२ मिळून ६० खाली, म्हणून किंग पोस्ट ६० कॉम्प्रेशन निघेल. मग ड वर ती ६० खाली ढकलणार, स्ट्रट आणखी १२ खाली, एकूण ७२ खाली आणि वर धरायला काहीच नाही. सांधा मिटत नाही. परीक्षेत हा शेवटचा सांधा ‘आपोआप बरोबर’ म्हणून सोडून देतात. वास्तविक चिन्हाची चूक तिथेच उघडी पडते, आणि त्याला दोन ओळी लागतात.

निकाल आकृतीवर उतरवताना प्रत्येक मेंबरच्या बाजूला आकडा आणि टेन्शन की कॉम्प्रेशन ते लिहा, आणि बाण फक्त टोकांशी, सांध्यांना खेटून काढा. मधोमध बाण काढले की पुन्हा तोच घोळ. मी स्वतः दाबातले मेंबर जाड रेषेने आणि ताणातले बारीक रेषेने काढतो. जाडी पाहिली की डिझाइनचीही आठवण होते. दाबातल्या मेंबरला वाकून बाहेर पडण्याची भीती असते, म्हणून तो मजबूत लागतो. ताणातला बारीक सळईचाही चालतो. आपल्या कैचीत जाड रेषा: अ-इ व फ-ब ३०, इ-क व क-फ २०, इ-ड व फ-ड १०. बारीक रेषा: अ-ड व ड-ब २४, क-ड १२.

सममिती असली तरी उजवा आधार ब सोडवायची गरज नाही असं समजू नका, निदान पहिल्या काही ट्रसमध्ये. ब पासून उलट सुरुवात करून शिखरावर तेच आकडे मिळतात का पाहिलं की हात बसतो.

एक गोष्ट या पद्धतीत गृहीत धरलेली असते, ती प्रत्यक्षात नेहमी पाळली जात नाही. भार सांध्यावरच येतो आणि सांधे बिजागरीसारखे फिरतात असं आपण धरतो. स्ट्रट इ ला जोडला तो याचसाठी, की तिथे पर्लिन बसते. पर्लिन सांध्यापासून सरकवून वाशाच्या मध्ये कुठेही बसवली, तर वाशात दाबाबरोबर बाकही येतो आणि तो मेथड ऑफ जॉइंट्सला दिसत नाही. आकडे निघतात, पण वाशाची खरी स्थिती त्यांहून वाईट असते. उलट, इ वर पर्लिनच नसेल, भार शून्य असेल, तर तिथे दोन मेंबर एका रेषेत आणि तिसरा तिरपा, बाहेरचं बल नाही. तिसरा, म्हणजे स्ट्रट, शून्य बलाचा. तसंच फ वर. मग ड ला खाली ढकलणारं कुणीच नाही, म्हणून किंग पोस्टही शून्य. हे मेंबर गणित न करता खोडता येतात, आणि परीक्षेत अर्धं काम तिथेच वाचतं.

दुसरी मर्यादा डिझाइनला लागल्यावर भेटेल. कौलांऐवजी हलके पत्रे घातले आणि वादळी वाऱ्याने छत वर उचललं, तर निव्वळ भार वरच्या दिशेने येऊ शकतो. समजा प्रत्येक आतल्या सांध्यावर १२ खाली ऐवजी ३ वर आले आणि वळचणीला त्याच्या निम्मे. सगळे भार −१/४ पट झाले, म्हणून सगळी बलंही −१/४ पट. टाय २४ टेन्शनवरून ६ कॉम्प्रेशनवर येतो. खरा वारा पाखाला काटकोनात ओढतो, उभा नाही, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतील. पण चिन्ह उलटतं ही गोष्ट खरी आहे. ६ चा आकडा छोटा वाटतो, पण ४ मीटर लांबीची बारीक सळई तेवढ्या दाबातही वाकून जाते. आयएस ८०० मध्ये नेहमीच्या दाबाच्या मेंबरसाठी सडपातळपणाची, म्हणजे स्लेंडरनेस रेशोची, मर्यादा १८० आहे, आणि छताच्या ज्या टायवर वाऱ्यामुळे बल उलटू शकतं त्यासाठी ३५०. ही दुसरी ओळ याच कारणासाठी आहे. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये टायवर टेन्शन लिहून थांबता येत नाही, वाऱ्याची स्थिती वेगळी सोडवून शेजारी दुसरं चिन्ह लिहावं लागतं.

स्वतः करून पाहायला एक बदल देतो. बाकी सगळं तेच ठेवा आणि ड ला खाली छत टांगलं म्हणून ६ किलोन्यूटन जास्त लावा. आधारांवर निव्वळ २१ येईल. अ-इ ३५ कॉम्प्रेशन, अ-ड २८ टेन्शन, इ-क २५ कॉम्प्रेशन, क-ड १८ टेन्शन. इ-ड मात्र १० कॉम्प्रेशनवरच राहायला हवा, कारण इ वरचा भार बदललेला नाही. तो बदलला असेल तर इ चा सांधा वेगळा काढून भाराचा आणि इ-ड चा बाण कुठे जातो आहे ते पुन्हा पाहा.